सगळ्यांनी 2 वाजता या

ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या निरोप समारंभाची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मी तिघांनाही एकच वेळ दिली होती: दुपारी 2. तिघं म्हणजे डेकोरेटर, साउंडवाले आणि फोटोग्राफर. कार्यक्रम संध्याकाळी 6 चा. हातात चार तास. तिघं एकदम आले की तिघांची कामं एकदम सुरू होतील, असा माझा सरळसोट हिशेब होता. तिघांना वेगवेगळे फोन केले, तिघंही "हो मॅडम" म्हणाले आणि मी वहीत तीन ओळींपुढे टिक केली.

अडीचला हॉलवर पोचले तर दाराशी तिघंही उभे. डेकोरेटरची माणसं फ्रेमचे पाइप आत नेत होती. स्टेजवर लोखंड पसरलेलं असल्यामुळे साउंडवाल्यांना स्पीकर ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पेट्या मधल्या वाटेत ठेवल्या होत्या. त्या पेट्यांमुळे डेकोरेटरची शिडी आत जाईना. फोटोग्राफर एका खुर्चीवर कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. पुढचे अडीच तास ते तसेच बसून राहिले आणि बरोबर 5 वाजता, त्यांचं खरं काम सुरू व्हायच्या वेळी, चहा प्यायला बाहेर गेले. त्यांना दोष देता येणार नाही. तीन तास कोरडं बसलेला माणूस कधीतरी उठणारच.

त्या दिवशी साउंडचेक झालाच नाही. सव्वापाचला साउंडवाले माइक हातात घेऊन उभे होते आणि वर शिडीवरून हातोडी चालू होती. पाहुणे आत आले, पहिले वक्ते बोलायला उभे राहिले आणि स्पीकरमधून अशी शिट्टी वाजली की पुढच्या रांगेतल्यांनी कानावर हात ठेवले. फोटोंचं म्हणाल तर, सजवलेल्या रिकाम्या स्टेजचा जो एकमेव फोटो आमच्याकडे आहे त्यात डाव्या कोपऱ्यात शिडी आहे आणि शिडीवर दोन पाय आहेत.

बरेच दिवस मी हे "लोक वेळ पाळत नाहीत" या खात्यात टाकून मोकळी झाले होते. मग कधीतरी लक्षात आलं की त्या दिवशी तिघंही वेळेवर आले होते. अगदी 2 च्या ठोक्याला.

पुढच्या वर्षी बक्षीस समारंभाची जबाबदारी परत माझ्याकडे आली. तोच हॉल, तेच तिघं, कार्यक्रम परत 6 चा. या वेळी कुणालाही वेळ द्यायच्या आधी मी तिघांना फोन करून एकच प्रश्न विचारला: "तुम्ही आलात आणि तुमचं काम सुरू करता येत नाहीये, असं कधी होतं?" किती वेळ लागतो हे विचारलं की माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगतो. काम कशामुळे अडतं हे विचारलं की तो खुलतो, कारण त्यात त्याची जुनी दुखणी असतात.

साउंडवाले दादा पंधरा मिनिटं बोलले. त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं पोडियम. माइक कुठे उभा राहणार हे पोडियमवर ठरतं, आणि माइक कुठे आहे त्यावर स्पीकर कुठे लावायचे हे ठरतं. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. पोडियम पुढे सरकवला आणि माइक स्पीकरच्या समोर आला, की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो मोठा होऊन परत स्पीकरमधून येतो, परत माइकमध्ये शिरतो. हे चक्र म्हणजेच ती शिट्टी. गेल्या वर्षी त्यांनी स्पीकर बरोबर लावले होते. नंतर कुणीतरी "पोडियम फुलांच्या मागे दिसत नाही" म्हणून तो दोन हात पुढे ओढला होता. ओढणाऱ्याला वाटलं, त्याने एक लाकडी वस्तू सरकवली.

दुसरं, बॅकड्रॉप. मला वाटायचं मागचा पडदा म्हणजे नजरेचं काम, त्याचा आवाजाशी काय संबंध. दादा म्हणाले, "ताई, मागे कापड आहे की कडक पॅनेल, यावर माझा अर्धा हिशेब आहे. कापड आवाज थोडा खातं. पॅनेल तो परत फेकतं, आणि पोडियमच्या पाठीमागेच पॅनेल असेल तर फेकलेला आवाज माझ्या माइकमध्येच येतो. पॅनेल उभं राहायच्या आधी केलेला चेक म्हणजे दुसऱ्याच हॉलचा चेक." रिकाम्या हॉलचंही असंच. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये आवाज जास्त घुमतो. पण हा फरक त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. हॉल भरला की आवाज किती बसेल याचा अंदाज त्यांना असतो. उभ्या न राहिलेल्या पॅनेलचा अंदाज कसा करणार?

आणि तिसरं, शांतता. साउंडचेकला अर्धा तास लागतो, पण तो शांत अर्धा तास हवा. शेजारी खिळा ठोकला जात असेल तर बारीक शिट्टी ऐकूच येत नाही, आणि ती पुढे कार्यक्रमातच ऐकू येते.

फोटोग्राफर कमी बोलले, पण मुद्द्याचं बोलले. त्यांना दोन गोष्टी हव्यात. एक, कार्यक्रमात जे दिवे असणार तेच दिवे, तेवढ्याच उजेडावर लावलेले. चाचणीचे फोटो काढून ते कॅमेऱ्यातला पांढऱ्याचा रंग जुळवून घेतात. बॅकड्रॉप गडद लाल असेल तर त्याची लाली चेहऱ्यांवर चढते. काही एलईडी दिवे डोळ्याला न कळेल इतक्या वेगानं लुकलुकतात. वीज 50 हर्ट्झची असेल तर असा दिवा साधारणपणे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो, आणि शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की फोटोत आडवे पट्टे येतात. हे आधी दिसलं तर दोन मिनिटांत सुटतं. नंतर संगणकावर दिसलं तर सुटत नाही. दुसरी गोष्ट, सगळं सजून झालंय आणि एकही माणूस आत आलेला नाही, अशी वीस मिनिटं. "ती वीस मिनिटं मला कुणी देत नाही. सगळे म्हणतात लवकर या. लवकर येऊन मी शिडीचे फोटो काढू?" हा टोमणा मला होता आणि मी तो गिळला.

त्यांच्याबरोबर व्हिडिओ काढणारा एक मुलगा असतो. त्याला आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर नको असतो, थेट मिक्सरमधून वायर हवी असते. ती वायर मिक्सर चालू असताना जोडून, आवाज किती येतोय ते बघूनच नक्की करता येते. म्हणजे ही जोडणी साउंडचेक चालू असतानाच व्हायला हवी. त्याच्या आधी सिग्नल नसतो. त्याच्या नंतर साउंडवाले मिक्सरपाशी सापडतीलच असं नाही.

डेकोरेटर काकांचा माझा अंदाज साफ चुकला. मी धरून चालले होते की त्यांचं काम म्हणजे एक सलग तुकडा, आणि बाकी दोघं त्याच्या मागे. फ्रेम, कापड, फुलं, झालं. ते म्हणाले, "माझी दोन कामं आहेत. लोखंडाचं आणि फुलांचं. लोखंडाला मोकळं स्टेज लागतं, आवाज होतो, शिडी लागते. फुलांना यातलं काहीच लागत नाही. उलट फुलं जितकी उशिरा लावाल तितकी संध्याकाळी ताजी. पण मी दोन्ही सलग करतो, कारण पोरांना मध्ये थांबवून ठेवलं तर ती पांगतात." त्यांच्या या एका वाक्यावर मी सगळा कागद परत आखला.

कारण माझी चूक तिथेच होती. मी माणसांना रांगेत उभं करत होते. डेकोरेटरनंतर साउंड, साउंडनंतर फोटो. असं केलं की डेकोरेटरचं शेवटचं फूल लागेपर्यंत साउंडवाल्यांनी थांबायचं, आणि तेवढे तास कुठल्याच हॉलमध्ये मिळत नाहीत. साउंडवाल्यांना फुलांची वाट बघायचं काही कारण नाही. त्यांना हवी आहे उभी राहिलेली फ्रेम आणि पोडियमची जागा. फोटोग्राफरला फ्रेमशी घेणंदेणं नाही, त्यांना हवं शेवटचं फूल. एकाच डेकोरेटरच्या दोन कामांवर दोन वेगळी माणसं अवलंबून आहेत. कामाचे तुकडे सुटे केले की कोण कुणासाठी थांबतो ते लख्ख दिसतं.

मोठ्या कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या नियोजनात हीच पद्धत वापरतात. 1957 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली, आणि पुढे तिला क्रिटिकल पाथ मेथड हे नाव पडलं. कल्पना अशी की ज्या कामांना उशीर झाला तर शेवटच्या वेळेलाच उशीर होतो, त्यांची साखळी शोधायची. बाकीच्या कामांना थोडी फुरसत असते. त्यांच्या कारखान्यांत हजारो कामं असायची, माझ्या कागदावर सातच होती. पण फ्रेम, स्टेजवरचं वायरिंग आणि साउंडचेक ही साखळी पेनानं गडद केल्यावर बाकी कागद आपोआप फिका झाला.

मग वेळा लावल्या, पण उलट्या दिशेनं. दारं 5:30 ला उघडणार. त्याआधी फोटोग्राफरची रिकाम्या हॉलची वीस मिनिटं, म्हणजे 5 ते 5:20. त्याआधी पंधरा मिनिटं दिव्यांची चाचणी. त्याआधी साउंडचेक, 4:15 ते 4:45. साउंडवाल्यांना मांडणीला सव्वा तास लागतो आणि गाडी रिकामी करायला पंधरा मिनिटं, म्हणजे ते 2:30 ला आले तर 4 वाजता तयार. मधली पंधरा मिनिटं मी मुद्दाम रिकामी सोडली. लोखंडाला दोन तास, सामान उतरवायला अर्धा तास, म्हणून डेकोरेटर 12 ला. हॉल 12 लाच ताब्यात मिळत होता, तेव्हा तिथे खेचायला काही उरलं नव्हतं. फोटोग्राफर 4:30 ला. गेल्या वर्षीपेक्षा अडीच तास उशिरा, आणि तरी त्यांच्या कामाच्या एक मिनिटही मागे नाही.

मोकळी पंधरा मिनिटं साउंडचेकच्या आधीच का, याचा मी जरा विचार केला होता. प्रत्येक कामात पाच-पाच मिनिटं जास्तीची पेरली की प्रत्येक जण ती वापरून टाकतो, उशीर झाला नसला तरी. शिवाय साउंडचेक हीच एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी बाकी सगळ्यांनी हात थांबवायचे आहेत. फट ठेवायची तर तिच्या तोंडाशीच.

राहिला प्रश्न कळवायचा. सवयीनं मी परत तीन वेगळे मेसेज लिहायला घेतले होते. "काका, तुम्ही 12 ला." "दादा, तुम्ही 2:30 ला." मग थांबले. काकांना फक्त 12 वाजता एवढंच कळलं तर साडेबाराला आल्यानं काय बिघडतं हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्या दृष्टीनं कार्यक्रम 6 चा आहे. म्हणून तिघांचा एक ग्रुप केला आणि एकच मेसेज टाकला. तो जपून ठेवलाय, जसाच्या तसा देते:

> नमस्कार. शनिवारचा कार्यक्रम 6 ला, दारं 5:30 ला. कोण कशासाठी थांबतंय ते सगळ्यांना कळावं म्हणून एकत्र लिहिते.
>
> 12:00 डेकोरेटर काका. आधी फ्रेम, पॅनेल आणि पोडियम. 2:30 ला स्टेज मोकळं, शिडी बाहेर, पोडियम टेपच्या खुणेवर. साउंड यासाठी थांबलंय.
>
> 2:30 साउंड दादा. सामान मागच्या दारानं. स्टेजवरचं वायरिंग 4 पर्यंत. तोवर काकांची माणसं बाहेर प्रवेशद्वाराची फुलं लावतील, स्टेजची फुलं 4 नंतर.
>
> 4:15 ते 4:45 साउंडचेक. हातोडी, शिडी, खुर्च्या ओढणं बंद. फुलं लावायला हरकत नाही.
>
> 4:30 फोटोग्राफर सर. व्हिडिओची वायर साउंडचेक चालू असतानाच मिक्सरला जोडून घ्यावी. 4:45 ला सगळे दिवे चालू, चाचणी.
>
> 5:00 शेवटचं फूल लागलेलं, स्टेज झाडलेलं. 5:00 ते 5:20 फोटो, आत कुणीही नाही.
>
> पोडियम एकदा ठेवल्यावर दादांना विचारल्याशिवाय हलवू नये. कुणाला उशीर होत असेल तर इथेच लिहावं, म्हणजे पुढच्याला कळेल.

मेसेज जरा लांबला हे खरं. पण प्रत्येक वेळेपाशी मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या: काम कुठे संपलं म्हणायचं, आणि ते संपण्याची वाट कोण बघतंय. "2:30 पर्यंत डेकोरेशन" असं लिहिलं असतं तर काकांनी त्याचा एक अर्थ घेतला असता आणि दादांनी दुसरा. "शिडी बाहेर" याचा दुसरा अर्थ निघत नाही. शिडी एक तर आत असते किंवा बाहेर.

एक मोह मी टाळला. जो माणूस हमखास अर्धा तास उशिरा येतो त्याला अर्धा तास आधीची वेळ सांगायची, ही युक्ती मी वर्षानुवर्षं वापरली आहे. एकट्याला पाठवलेल्या मेसेजमध्ये ती चालते. सगळ्यांसमोरच्या मेसेजमध्ये नाही, कारण तिथे दुसरा त्या खोट्या वेळेवर आपली गाडी ठरवतो.

शनिवारी 11:50 ला ग्रुपवर काकांचा मेसेज आला. गाडी अडकली आहे, 40 मिनिटं उशीर. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही तीच गडद केलेली साखळी होती. मी कागद उघडून वेळा पुढे सरकवायला घेतल्या, तेवढ्यात खाली दादांचं उत्तर आलं: "मी 2:30 लाच येतो. स्टेज नसलं तरी चालेल, हॉलमधले स्टँड आणि मिक्सरचं टेबल आधी लावून घेतो. स्टेजचं अर्ध्या तासाचं आहे."

हे मला माहीतच नव्हतं. त्यांचा सव्वा तास मी एकसंध धरला होता, जसं आधी काकांचं काम धरलं होतं. त्यातली पाऊण तासाची कामं हॉलच्या जमिनीवरची होती आणि त्यांना स्टेजशी कर्तव्य नव्हतं. आपण नेमकं कशासाठी थांबलोय हे मेसेजमध्ये लिहिलेलं होतं, म्हणून काय त्यासाठी थांबलेलं नाही हे त्यांनी स्वतःच काढलं. नुसतं "2:30" लिहिलं असतं तर ते फार तर "बरं, मग मी 3:10 ला येतो" म्हणाले असते.

स्टेज 3:10 ला मोकळं झालं. टेपची खूण मी आदल्या दिवशी दादांना फोटो पाठवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे केली होती. काकांच्या माणसांनी पोडियम बरोबर खुणेवर आणून ठेवला. वायरी भिंतीच्या कडेनं गेल्या, चालण्याच्या वाटेत फक्त एका जागी आडव्या आल्या, तिथे वरून रुंद टेप. 4 ला दादा स्टेजवरून खाली उतरले. उशीर आल्यासारखा आला आणि विरून गेला. माझी पंधरा मिनिटं अजून शाबूत होती.

पण दुसरीकडे पंधरा मिनिटं गेलीच. 4:15 ला साउंडचेक सुरू झाला, आवाज छान होता, शिट्टी नाही, काही नाही. दादा पुढच्या माइककडे वळणार तेवढ्यात काकांच्या माणसानं बॅकड्रॉपवरच्या दिव्यांचा उजेड कसा दिसतो ते बघायला डिमर अर्ध्यावर आणला आणि स्पीकरमधून बारीक भुणभुण सुरू झाली. भुंगा डबीत अडकल्यासारखी. दादांनी मिक्सरचे सगळे चॅनेल एकेक करून खाली घेतले. भुणभुण तशीच. मग ते म्हणाले, "दिवे बंद करा." बंद. "पूर्ण लावा." अगदी थोडी. "अर्धे करा." परत भुंगा. दिव्यांचा डिमर आणि मिक्सर भिंतीतल्या एकाच बोर्डावर होते. डिमर उजेड कमी करताना विजेची लाट कापतो, तिचा खडखडाट त्याच लाइनवरून मिक्सरपर्यंत पोचतो.

उपाय सोपा होता. डिमरची वायर पलीकडच्या भिंतीतल्या दुसऱ्या लाइनवर नेली. पण तेवढी लांब वायर गाडीत होती, गाडी बाहेर होती, आणि वायर परत वाटेत आडवी आली म्हणून परत टेप. पंधरा मिनिटं त्यात गेली आणि चेक 5 ला संपला. फोटोग्राफर सरांनी दिव्यांची चाचणी तेवढ्यात पलीकडून उरकून घेतली होती. दिवे वर-खाली होतच होते, त्यांना सगळ्या उजेडांचे फोटो मिळाले.

इथे मेसेज चुकला होता, आणि चूक माझी होती. दिवे पूर्ण चालू हे मी 4:45 ला, फोटोग्राफरच्या खात्यात लिहिलं होतं, कारण दिवे म्हणजे दिसण्याची गोष्ट. तीच अट 4:15 ला साउंडचेकच्या ओळीतही हवी होती. काकांच्या माणसानं नेमका तेव्हाच डिमर फिरवला म्हणून भुंगा सापडला. नसता फिरवला तर पाहुणे बसल्यावर, कुणीतरी "दिवे जरा मंद करा" म्हणाल्यावर सापडला असता.

5 ते 5:20 हॉल बंद होता. मी दारात उभी राहून आत जाऊ बघणाऱ्यांना थोपवत होते, आमच्या साहेबांनाही. आत फक्त फोटोग्राफर सर आणि शटरचा आवाज. पावणेसहाला कार्यक्रमाचे निवेदक आले, पोडियमपाशी गेले आणि सवयीनं तो दोन्ही हातांनी धरून पुढे ओढायला लागले. हॉलच्या मागून दादा, काका आणि मी तिघंही एकदम ओरडलो.

कार्यक्रम नीट झाला. साडेआठला संपला. आभार संपल्या संपल्या काकांची माणसं शिडी घेऊन स्टेजच्या बाजूला येऊन उभी राहिली, कारण त्यांना रात्रीतच सामान दुसरीकडे पोचवायचं होतं. स्टेजवर बक्षीस मिळालेली मंडळी बॅकड्रॉपसमोर फोटोसाठी गटागटानं उभी राहत होती. दादांचा मुलगा स्टेजवरच्या वायरी गुंडाळत लोकांच्या पायांमधून फिरत होता. सर कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, "मॅडम, डावीकडचं पॅनेल कुठे गेलं?" डावीकडचं पॅनेल उतरलं होतं. शेवटच्या तीन गटांच्या मागे नुसती फ्रेम आली आहे आणि त्यातल्या एका फोटोत कोपऱ्यात शिडीही आहे.

उतरवतानाही रांग असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती चढवतानाच्या अगदी उलटी असते. सगळ्यात शेवटी आलेल्या फोटोग्राफरचं काम सगळ्यात आधी संपू द्यायचं. मग साउंड, कारण वायरी मोकळ्या झाल्याशिवाय लोखंड खाली घेणं धोक्याचं. आणि सगळ्यात आधी आलेल्या काकांनी सगळ्यात शेवटी निघायचं. काकांना हे ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्यासाठी तो सकाळपासूनचा दिवस होता. पण त्याच रात्री, घरी जाताना गाडीत बसून, जपून ठेवलेल्या मेसेजमध्ये मी दोन बदल केले. साउंडचेकच्या ओळीत "सगळे दिवे चालू, डिमर वर-खाली करून बघणे" हे घातलं. आणि सगळ्यात खाली:

> 8:30 ते 8:50 गटांचे फोटो. तोवर बॅकड्रॉपला हात नाही. मग साउंडच्या वायरी, 9:10 पर्यंत. मग काका. काकांची माणसं तोवर प्रवेशद्वाराची फुलं उतरवतील.